कोरड्यात गप्प, पावसात एरर

पाऊस सुरू झाला की गॅरेजमध्ये एक तक्रार वाढते. रिव्हर्स गिअर टाकला की एरवी एक छोटी बीप यायची, आता लांबलचक बीप येते, समोरच्या पडद्यावर पार्किंग सेन्सरमध्ये बिघाड असल्याचा संदेश उमटतो आणि मग सगळी यंत्रणा गप्प बसते. मागे भिंत असो वा माणूस, गाडी काहीच सांगत नाही. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीला मागचे सेन्सर सक्तीचे झाले. त्यामुळे पूर्वी महागड्या गाड्यांपुरता असलेला हा त्रास आता साध्या हॅचबॅकवाल्यांच्याही वाट्याला येतो. गॅरेजमध्ये गेले की बहुतेकदा एकच उत्तर मिळते : ‘सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.’ कधी तो खरेच गेलेला असतो. पण त्याआधी गाडी चिखलातून गेली असेल, किंवा मागच्या काही महिन्यांत बंपरचे डेंटिंग-पेंटिंग झाले असेल, तर त्या उत्तरावर लगेच विश्वास ठेवू नये.

हा संदेश नेमका कशामुळे येतो ते कळले की पुढची तपासणी सोपी जाते. बंपरवर नाण्याएवढी जी गोल चकती दिसते, तो ॲल्युमिनियमचा पातळ पडदा असतो. त्याच्या आतल्या बाजूला एक छोटा स्फटिक चिकटवलेला असतो. त्याला विजेचा झटका मिळाला की पडदा सेकंदाला चाळीस हजारांहून अधिक वेळा थरथरतो. हा आवाज आपल्या कानाच्या पट्टीपलीकडचा असतो. तो मागच्या भिंतीवर आपटून परत येतो, आणि तोच पडदा आता कानाचे काम करून तो ऐकतो. भिंत एक मीटरवर असेल तर या जाण्यायेण्याला साधारण ६ मिलिसेकंद लागतात. गाडीतले कंट्रोल युनिट त्यावरून अंतर काढते.

यात एक अडचण आहे. बोलणारा आणि ऐकणारा पडदा एकच आहे. देवळातली घंटा वाजवल्यावर ती जशी थोडा वेळ घुमत राहते, तसा पडदाही झटका थांबल्यावर क्षणभर थरथरतच असतो. ती थरथर विझेपर्यंत त्याला परतलेला आवाज ऐकू येत नाही. हा काळ सुमारे एक मिलिसेकंदाचा असतो, म्हणूनच अगदी जवळच्या, पंधरा-वीस सेंटिमीटरच्या आतल्या वस्तूचे नेमके अंतर सेन्सरला सांगता येत नाही. कंट्रोल युनिट मात्र या थरथरीचाच दुसरा उपयोग करते. पडद्यावर काही बसले नसेल आणि तो मोकळा असेल, तर थरथर किती वेळात विझावी हे युनिटला ठाऊक असते. ती फार लांबली किंवा फार लवकर विझली, की पडद्यावर काहीतरी चिकटले आहे किंवा तो कशाला तरी टेकला आहे, असा अर्थ ते काढते आणि बिघाडाचा संदेश देते. तार तुटली किंवा कपलर निघाला तर सेन्सरकडून काहीच उत्तर येत नाही. तेव्हाही संदेश येतो. म्हणजे एकाच वाक्यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात.

इथे आणखी एक भेद करावा लागतो, कारण गॅरेजमध्ये सांगताना लोक हमखास घोटाळा करतात. मागे काही नसताना बीप-बीप सुरू राहणे ही तक्रार निराळी आणि बिघाडाचा संदेश येणे निराळे. पहिल्या प्रकारात सेन्सर चांगला चालत असतो. त्याला खरेच काहीतरी ‘दिसत’ असते. वाकलेली नंबर प्लेट, बंपरच्या कोपऱ्यावर नंतर चिकटवलेला रबरी प्रोटेक्टर, सेन्सरखाली लोंबणारा पाण्याचा थेंब किंवा चक्क जमीन. दुसऱ्या प्रकारात सेन्सर स्वतःच्याच चाचणीत नापास झालेला असतो. गॅरेजवाल्याला ‘सेन्सर वाजतो’ एवढेच सांगू नका. काय वाजते, किती वेळ वाजते, समोरच्या पडद्यावर काय लिहून येते आणि ते कोरड्यात येते की ओल्यात, हे सांगा. त्या संदेशाचा फोटो काढून ठेवलात तर उत्तम.

आता चिखल. नुसत्या धुळीने सहसा काही होत नाही. त्रास देतो तो थापला गेलेला आणि वाळलेला थर. मराठवाड्यातली काळी माती यात फार वस्ताद. ती चिकटते आणि वाळली की कडक कवच होते. मागच्या चाकांनी उडवलेला चिखल बंपरच्या दोन्ही टोकांच्या सेन्सरवर जास्त बसतो, म्हणून संदेशही बहुधा टोकाच्या सेन्सरमुळे येतो. लोक चकतीवरून ओला फडका फिरवतात, चकती चकचकीत होते, तरी संदेश जात नाही. कारण चकती आणि तिच्या भोवतीची प्लॅस्टिकची कडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. त्या खाचेत सिलिकॉनची मऊ रिंग बसलेली असते. पडद्याची थरथर बंपरमध्ये उतरू नये, एवढ्यासाठीच ती रिंग असते. खाच मातीने भरली की रिंग असूनही पडदा बंपरला जखडला जातो.

साफ करण्याची रीत अशी. आधी भरपूर पाणी ओतून माती भिजू द्या, पाच-दहा मिनिटे थांबा, मग मऊ ब्रशने खाचेतून हलकेच गोल फिरवा आणि पुन्हा पाणी ओता. पिन, स्क्रू-ड्रायव्हर किंवा नखाने खरवडू नका. रिंग फाटली की खरा बिघाड तिथूनच सुरू होतो. वॉशिंग सेंटरमधला प्रेशर जेट सेन्सरवर रोखून धरू देऊ नका. जेट किमान फूटभर लांब असावा आणि एका जागी थांबू नये. इतक्या दाबाने पाणी रिंगेच्या आत घुसू शकते. मग चिखलाचा संदेश जाऊन त्याच्या जागी पाण्याचा येतो. स्वच्छ केल्यावर इग्निशन पूर्ण बंद करून एखादे मिनिट थांबा. गाडी पुन्हा सुरू करून मागे मोकळी जागा असताना रिव्हर्स टाका. काही गाड्यांत एकदा आलेला संदेश इग्निशन बंद होईपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे सफाईचा उपयोग झाला नाही असा गैरसमज होतो.

पाण्याचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत, आणि ते वेळेवरून ओळखता येतात. पहिला प्रकार वरच्या पाण्याचा. चकतीवर पाण्याचा थर किंवा जाड थेंब बसला की थरथर बदलते. फडक्याने टिपले की काही मिनिटांत सगळे पूर्ववत होते. मुसळधार पावसात असे अधूनमधून होणे हा दोष नव्हे, ती या तंत्राची मर्यादा आहे.

दुसरा प्रकार आतल्या पाण्याचा. इथे सेन्सर पुसून काही फरक पडत नाही. पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवस संदेश राहतो, ऊन पडले की आपोआप जातो आणि पुढच्या पावसात परत येतो. असे दिसले की चकतीकडे पाहणे सोडा आणि तिच्या मागच्या कपलरकडे वळा. बंपरमधल्या सेन्सरची वायरिंग कोपऱ्यात एका मोठ्या कपलरमधून गाडीच्या मुख्य वायरिंगला जोडलेली असते. त्या कपलरचे रबरी सील निसटले, किंवा तो ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबून बसवला गेला नाही, तर पाणी आत जाऊन पिनांवर हिरवट थर धरतो. हे काम बंपर सैल करून आत पाहिल्याशिवाय होत नाही. कपलर वेळेवर साफ करून, कोरडा करून नीट बसवला तर पैशांचा खर्च नाममात्र असतो. पिना कुजल्यावर मात्र ती वायरिंग बदलावी लागते.

कोणता सेन्सर रुसला आहे हे घरच्या घरी बऱ्याचदा कळते. शांत, सपाट जागी गाडी उभी करा, मागे मोकळे ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा आणि रिव्हर्स टाका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर एका माणसाला ब्रेकवर पाय ठेवून आत बसवा. आता एकेका सेन्सरजवळ कान न्या किंवा बोटाचे टोक अलगद टेकवा. चालू सेन्सर बारीक ‘टिक-टिक-टिक’ करतो. तीन करत असतील आणि चौथा गप्प असेल, तर संशयित सापडला. मात्र सगळेच गप्प असतील तर सगळेच गेले असे समजू नका. बऱ्याच गाड्यांत एका सेन्सरचा दोष आढळला की युनिट सगळ्यांनाच थांबवते. तेव्हा स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनरवर दोषाची जागा आणि प्रकार दोन्ही येतात. ‘सर्किट ओपन’ किंवा ‘शॉर्ट’ असे आले तर तार, कपलर किंवा सेन्सरच्या आतली जोडणी पाहायची. ‘ब्लॉक्ड’ अशा अर्थाचे काही आले तर पडदा जखडला आहे. ‘कोणता कोड आला?’ हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. कोड न दाखवता सेन्सर बदलायला सांगणारा माणूस अंदाजाने बोलतोय, असे समजायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. दुरुस्त केलेला बंपर. आपल्याकडे बंपर बदलण्यापेक्षा दुरुस्त करण्याकडे ओढा आहे आणि त्याला कारणही आहे. झिरो डेप्रिसिएशनचे संरक्षण नसलेल्या विम्यात प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, म्हणजे नव्या बंपरचा निम्मा खर्च आपल्या खिशातून. म्हणून तडा प्लॅस्टिक वेल्डिंगने जोडला जातो, त्यावर लांबी लावली जाते, घासून प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट चढतो. बंपर नव्यासारखा दिसतो. त्यात गैर काहीच नाही. बिघडते ते सेन्सर जागेवर ठेवूनच रंग मारल्याने.

कारखान्यात सेन्सर वेगळा, पातळ थरात रंगवून मग बंपरमध्ये बसवलेला असतो. गॅरेजमध्ये घाईत त्याच जुन्या रंगावर प्रायमर, रंगाचे दोन-तीन हात आणि क्लिअर कोट बसतो. पडद्याचे वजन वाढते. त्याहून वाईट म्हणजे रंग खाचेत उतरतो आणि वाळल्यावर पडदा, रिंग आणि कडी यांना एकमेकांशी सांधून टाकतो. चिखलाने जे तात्पुरते झाले असते, तेच इथे कायमचे होते. काही कंपन्या तर रंगवलेला सेन्सर पुन्हा रंगवायला परवानगीच देत नाहीत. तो बदलायचाच, असा त्यांचा नियम असतो.

दुसरी चूक दिशेची. सेन्सरची लहर सगळीकडे सारखी पसरत नाही. आडवी रुंद आणि उभी अरुंद असते, म्हणजे बाजूचे दिसावे आणि जमीन दिसू नये. बसवताना सेन्सर पाव फेरी फिरला, तर रुंद बाजू उभी होते आणि त्याला रस्ताच अडथळा वाटतो. त्याला धरणारा होल्डर बंपरच्या आत चिकटवलेला असतो. धक्क्यात तो सुटतो आणि पुन्हा चिकटवताना थोडा खाली झुकला तरी तोच परिणाम. या चुकांमुळे संदेश येत नाही, विनाकारण बीप येते. म्हणून वरचा भेद लक्षात ठेवायचा : दुरुस्तीनंतर संदेश आला तर रंग आणि कपलर पाहा, विनाकारण बीप आली तर होल्डर आणि दिशा पाहा.

एक गाडी डोळ्यांसमोर आणा. साताऱ्यातली चार वर्षांची हॅचबॅक, मागे चार सेन्सर. एप्रिलमध्ये मोटरसायकलची धडक बसून बंपरचा उजवा कोपरा फुटतो. वेल्डिंग, लांबी, रंग होऊन गाडी घरी येते. मे महिनाभर सेन्सर झकास चालतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस होतो आणि रिव्हर्स टाकताच संदेश येतो. बंपर पुसला की जातो, भिजला की येतो. रंगाला दोन महिने होऊन गेलेले, म्हणून मालक दोष पावसाला देतो आणि गॅरेजवाला सेन्सरला. स्कॅनरवर उजव्या टोकाचा सेन्सर ‘ब्लॉक्ड’ दिसतो.

इथे अदलाबदलीची चाचणी करायची. उजव्या आणि डाव्या टोकांचे सेन्सर काढून एकमेकांच्या जागी बसवायचे. दोन्हींचा पार्ट नंबर एकच असल्याची खात्री आधी करायची. काही गाड्यांत टोकाचे आणि मधले सेन्सर वेगळे असतात. मग मगभर पाणी दोन्हींवर ओतून रिव्हर्स टाकायचा आणि पुन्हा स्कॅनर पाहायचा. संदेश डावीकडे सरकला, तर दोष सेन्सरच्या अंगात आहे, म्हणजे त्याच्यावरच्या रंगात किंवा आतल्या बिघाडात. संदेश उजवीकडेच राहिला, तर सेन्सर निर्दोष आहे. कपलर, वायरिंग किंवा बंपरचे भोक पाहायचे. रंगाने भोक अरुंद झाले असेल तर कोणताही सेन्सर तिथे दाबला जाणार आणि जखडणार.

आपल्या गाडीत संदेश डावीकडे सरकतो. दोन्ही सेन्सर हातात धरून शेजारी पाहिले की उत्तर दिसते. डाव्याच्या चकतीची कड धारदार आहे, खाच मोकळी आहे. उजव्याची कड रंगाने गोलावली आहे आणि खाच जवळपास बुजली आहे. कोरड्यात हा रंग चालून गेला, कारण थरथर बिघडली होती तरी ती युनिटच्या मर्यादेत होती. पाण्याच्या थराने उरलेली सवलत संपवली आणि आकडा मर्यादेबाहेर गेला. रंग आणि पाणी, दोघांचा मिळून हा दोष. म्हणूनच तो मे महिन्यात दिसला नाही आणि म्हणूनच ‘पेंटिंगनंतर दोन महिने चालला होता’ हा गॅरेजचा युक्तिवाद टिकत नाही.

यावर पॉलिश पेपरने घासणे किंवा थिनरने पुसणे हा उपाय नाही. थिनरने सिलिकॉन फुगते आणि घासताना पडद्यावर ओरखडे जातात. योग्य मार्ग म्हणजे नवा सेन्सर आणि नवी रिंग घेणे. सेन्सर गाडीबाहेर, फक्त चकतीवर पातळ रंग देऊन पूर्ण वाळवायचा, मग रिंग चढवून बसवायचा. रंगवताना कपलरचे तोंड आणि कडा टेपने झाकायच्या. लांबी चकतीच्या आसपासही नको. बसवल्यावर चकती बंपरच्या पृष्ठभागाशी समपातळीत आहे ना ते बोटाने पाहायचे. ती आत खचली तर भोकाची कडच तिला अडथळा वाटू शकते.

एक गोष्ट जाता जाता. काही नव्या गाड्यांत बंपरच्या मागे, कोपऱ्यात, ब्लाइंड स्पॉटचे रडार असते. ते बाहेरून दिसत नाही, कारण त्याची लहर प्लॅस्टिकमधून आरपार जाते. त्याच्यासमोर लांबीचा जाड थर किंवा वेल्डिंग आले तर ते बिथरते. अशी गाडी असेल तर त्या भागातली दुरुस्ती टाळून बंपर बदललेलाच बरा. खर्चाचा हिशेब इथे उलटा पडतो.

बंपर दुरुस्तीला द्यायच्या आधीच दोन गोष्टी जॉब कार्डवर लिहून घ्या. पहिली, रंगकामापूर्वी सर्व सेन्सर काढले जातील आणि आपापल्या जागी परत बसतील. दुसरी, काम झाल्यावर सेन्सरची चाचणी होईल. सेन्सर धक्क्यात खरेच फुटला असेल, तर तो विमा सर्व्हेअरच्या पाहणीतच दाखवा. बिल बंद झाल्यावर त्याचे पैसे मागणे फार कठीण जाते.

गाडी ताब्यात घेताना नुसते ‘रिव्हर्स टाकून बघा, चालतंय’ एवढ्यावर समाधान मानू नका. एका माणसाला हातात जाड प्लॅस्टिकचा पाइप उभा धरून बंपरमागे अर्ध्या मीटरवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालायला सांगा. तुम्ही आत बसून बीप कुठे तुटते ते ऐका. ऐकताना ब्रेकवर पाय आणि इंजिन बंद, हे विसरू नका. मग चारही सेन्सरवर मगभर पाणी ओता, जास्तीचे निथळू द्या आणि पुन्हा रिव्हर्स टाका. पाणी अजून ओघळत असताना एखादी चुकार बीप आली तर हरकत नाही, पण निथळल्यावरही संदेश टिकून राहिला तर गाडी तिथेच ठेवा. या चाचणीला पाच मिनिटे पुरतात आणि ती उन्हाळ्यातही करता येते.

दुरुस्ती होईपर्यंत संदेश असतानाही गाडी चालवायला काही धोका नाही. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांच्याशी त्याचा सहसा संबंध नसतो. फक्त रिव्हर्स घेताना सेन्सर नाहीतच असे धरून चाला. सोसायटीत, शाळेपाशी उतरून मागे पाहा किंवा कोणाला तरी उभे करा. आणि विम्याचे काम असेल, तर ओल्या बंपरवर चाचणी पार पडल्याशिवाय सॅटिस्फॅक्शन व्हाउचरवर सही करू नका.